1000 च्या खाली अडकलेला शेअर आणि 1000-1040 चा बेअर कॉल स्प्रेड

प्रश्न: एक शेअर तीनदा 1000 च्या आसपास जाऊन परत फिरलाय. आत्ता 968 वर आहे, एक्स्पायरीला 24 दिवस आहेत. मोठी पडझड होईल असं वाटत नाही, पण 1000 पार करेल असंही वाटत नाही. 1000 चा कॉल 15 ला विकून 1040 चा कॉल 6 ला घेतला तर क्रेडिट, जास्तीत जास्त तोटा आणि ब्रेकइव्हन किती? शेअर 1000 च्या वर गेलाच तर काय करायचं?

उत्तर:

आधी हिशेब सांगतो, तो छोटा आहे. कॉल म्हणजे एक्स्पायरीपर्यंत ठरलेल्या भावाने, म्हणजे स्ट्राइकला, शेअर घेण्याचा हक्क. असा एक कॉल विकून त्याहून वरच्या स्ट्राइकचा घेतला की झाला बेअर कॉल स्प्रेड. विकलेल्या कॉलचे 15 आले, घेतलेल्या कॉलचे 6 गेले, हातात राहिले 9. हे तुमचं क्रेडिट आणि हाच तुमचा जास्तीत जास्त नफा. एक्स्पायरीला शेअर 1000 वर किंवा त्याखाली बंद झाला तर दोन्ही कॉल शून्य होतात आणि 9 तुमचे. शेअर 970 वर बंद होवो की 800 वर, नफा 9 च्या पुढे जात नाही.

दोन स्ट्राइकमधलं अंतर 40. शेअर 1040 च्या वर गेला की विकलेल्या कॉलचा तोटा आणि घेतलेल्या कॉलचा फायदा बरोबरीने वाढतात, म्हणून स्प्रेडची किंमत 40 वर अडते. तुम्हाला 9 आधीच मिळालेत, त्यामुळे जास्तीत जास्त तोटा 40 वजा 9, म्हणजे 31. ब्रेकइव्हन म्हणजे विकलेला स्ट्राइक अधिक क्रेडिट, 1009. लॉट 100 शेअरचा धरला तर 900 मिळवण्यासाठी 3100 पणाला लागतात. ब्रोकरेज आणि कर वेगळे, आणि 9 च्या क्रेडिटमध्ये ते जाणवतात.

मधल्या पट्ट्यात काय होतं तेही एकदा डोळ्यांसमोर आणा. एक्स्पायरीला शेअर 1005 वर असेल तर 9 मधले 5 जातात आणि 4 उरतात. 1020 वर असेल तर 11 चा तोटा. 1000 ते 1040 या पट्ट्यात शेअर जितका वर, तितका एकेक पॉइंट तुमच्या खिशातून जातो.

आता खरा मुद्दा. 9 साठी 31 चा धोका घेणं शहाणपणाचं आहे का? हे फक्त गुणोत्तराकडे बघून ठरत नाही. तुम्ही दिलेल्या भावांतून इम्प्लाइड व्होलॅटिलिटी, म्हणजे शेअर वर्षाला किती हलेल याचा बाजाराने भावात धरलेला अंदाज, साधारण 28 टक्के निघते. तेवढ्या व्होलॅटिलिटीला शेअर एक्स्पायरीला 1000 च्या खाली राहण्याची शक्यता सुमारे 69 टक्के, 1040 च्या वर जाण्याची सुमारे 15 टक्के, आणि उरलेले 16 टक्के मधल्या पट्ट्यात. 69 टक्के वेळा 9 मिळाले, 15 टक्के वेळा 31 गेले आणि मधल्या पट्ट्यात सरासरी 10 च्या आसपास गेले, अशी बेरीज करून बघा. ती शून्याच्या जवळ येते. म्हणजे बाजाराने हा भाव जवळपास बरोबर लावलाय. दहापैकी सात वेळा जिंकणारी स्ट्रॅटेजी म्हणून बेअर कॉल स्प्रेड विकला जातो तेव्हा ही बेरीज कोणी करून दाखवत नाही. सात वेळा जिंकणं खरं आहे, पण त्याची किंमत उरलेल्या तीन वेळांत वसूल होते.

तुमच्याकडे जास्तीचं काही असेल तर ते एकच: 1000 चा रेझिस्टन्स, म्हणजे जिथे विक्री येऊन भाव परत फिरतो ती पातळी, खरा आहे आणि बाजाराने तो प्रीमियममध्ये, म्हणजे कॉलच्या भावात, पुरेसा धरलेला नाही, हे तुमचं मत. म्हणून सगळा वेळ त्या मताची तपासणी करण्यात घालवा. मी तीन गोष्टी बघतो.

पहिली म्हणजे शेअर 1000 वरून परत फिरताना कुठपर्यंत खाली येतो. समजा पहिल्यांदा तो 1000 वरून 925 ला आला, दुसऱ्यांदा 932 ला, तिसऱ्यांदा पुन्हा 926 ला. हा पट्टा आहे. वर विकणारे ठाम आहेत आणि खाली घेणाऱ्यांना घाई नाही. पण पहिल्यांदा 925, दुसऱ्यांदा 942, तिसऱ्यांदा 957 असे तळ वर सरकत असतील तर चित्र वेगळं आहे. वरचा विकणारा तिथेच उभा आहे, घेणारा मात्र दर वेळी जास्त भाव द्यायला तयार होतोय. 1000 ला असलेला विक्रीचा माल संपला की असा शेअर झटक्यात वर जातो. दोन्ही चार्ट ‘1000 च्या खाली अडकलेला शेअर’ असेच दिसतात. पहिल्यावर हा स्प्रेड विकावा, दुसऱ्यावर मी विकत नाही, क्रेडिट कितीही चांगलं दिसो.

दुसरी गोष्ट म्हणजे रेझिस्टन्स ही रेघ नसते, तो पट्टा असतो. तिन्ही वेळचे उच्चांक लिहून काढा. समजा ते 996, 1003 आणि 1007 आहेत, आणि 1007 ला गेला त्या दिवशीही बंद भाव 1000 च्या खालीच होता. मग हा पट्टा 996 ते 1007 आहे आणि तुमचा 1009 चा ब्रेकइव्हन जेमतेम त्याच्या बाहेर पडतो. मला एवढं पुरतं, पण काठावर. एखादा उच्चांक 1015 असता तर 1000 चा कॉल विकणं म्हणजे पट्ट्याच्या आतच दुकान मांडणं झालं असतं. अशा वेळी स्ट्राइक वर न्यावा. याच व्होलॅटिलिटीला 1020 चा कॉल साधारण 9.70 ला आणि 1060 चा 3.60 ला असेल. म्हणजे क्रेडिट 6.10, जास्तीत जास्त तोटा 33.90 आणि ब्रेकइव्हन 1026.10. जवळपास 3 पॉइंट क्रेडिट सोडून ब्रेकइव्हन 17 पॉइंट वर गेला. कोणता स्प्रेड चांगला, याला एकच उत्तर नाही. ब्रेकइव्हन आजवरच्या सगळ्या उच्चांकांच्या वर येईल असा सगळ्यात खालचा स्ट्राइक निवडा, एवढंच मी धरून चालतो.

तिसरी गोष्ट म्हणजे तुम्हाला मिळणारा प्रीमियम शेअरच्या हालचालीच्या मानाने पुरेसा आहे का. वर्षाची 28 टक्के व्होलॅटिलिटी म्हणजे दिवसाला सुमारे 1.75 टक्के, 968 वर साधारण 17 पॉइंट. हे प्रमाण विचलन झालं. बंद भावापासून बंद भावापर्यंतचा सरासरी फरक त्याच्या सुमारे 80 टक्के असतो, म्हणजे 13 ते 14 पॉइंट. आता गेल्या वीसेक दिवसांचे बंद भाव घ्या, रोजचा फरक काढा, वजा-अधिक न बघता सरासरी काढा. ती 9 आली तर शेअर हलतोय त्यापेक्षा जास्त हालचालीचे पैसे तुम्हाला मिळतायत आणि स्प्रेड विकण्यात अर्थ आहे. ती 15 आली तर तुम्ही स्वस्तात विकताय. पट्ट्यात अडकलेल्या शेअरची व्होलॅटिलिटी हळूहळू खाली येते आणि तिच्याबरोबर क्रेडिटही आटतं. त्यामुळे शेअर जितका जास्त काळ शांत, तितकं 31 च्या धोक्यासाठी मिळणारं बक्षीस कमी. 9 च्या जागी 5 मिळू लागले की हा सौदा सोडून द्यायचा.

याला एक अपवाद आहे. सरासरी फरक 9 आहे आणि तरीही प्रीमियम फुगलेला दिसतोय, तर आनंद होण्याआधी एक्स्पायरीच्या आत कंपनीचे निकाल आहेत का ते बघा. असतील तर बाजार त्या एका दिवसाच्या उडीचे पैसे देतोय. निकालानंतर 968 चा शेअर दुसऱ्या दिवशी थेट 1050 ला उघडू शकतो आणि मग 1000 चा रेझिस्टन्स, तोटा कापायला ठरवलेला तुमचा स्टॉप, सगळं एका रात्रीत मागे पडतं. रेझिस्टन्सवर आधारलेला स्प्रेड मी निकालांच्या वेळी ठेवत नाही. त्या दिवशी भाव ठरतो तो बातमीवर, जुन्या उच्चांकांना कोणी विचारत नाही.

हे सगळं पटलं तर ऑर्डर कशी टाकायची. स्क्रीनवर 15 आणि 6 दिसतायत ते बहुतेक शेवटचे किंवा मधले भाव असतील. समजा 1000 च्या कॉलला घेणारा 14.60 देतोय आणि विकणारा 15.40 मागतोय, 1040 च्या कॉलला 5.60 आणि 6.40. दोन्ही ऑर्डर मार्केटला टाकल्या तर तुम्ही 14.60 ला विकता, 6.40 ला घेता आणि क्रेडिट राहतं 8.20. लगेच जास्तीत जास्त तोटा 31.80 होतो आणि ब्रेकइव्हन 1008.20 वर घसरतो. बाहेर पडतानाही पुन्हा तेवढंच जातं, म्हणजे 9 च्या सौद्यातले दीडेक पॉइंट नुसते आत-बाहेर करण्यात संपतात. म्हणून दोन्ही लेग, म्हणजे विकायचा आणि घ्यायचा कॉल, एकत्र, ठरावीक क्रेडिटला लिमिट ऑर्डरने टाकता येत असतील तर तसंच करा. 9 ला लावा, थांबा, फार तर 8.70 पर्यंत खाली या. लेग वेगवेगळे टाकावे लागत असतील तर 1040 चा कॉल आधी घ्या आणि मग 1000 चा विका. उलट केलं आणि मधल्या मिनिटात शेअर उसळला तर तुमच्याकडे उघडा विकलेला कॉल राहतो, आणि मार्जिनही पूर्ण लागतं.

आता शेवटच्या प्रश्नाकडे येतो, शेअर 1000 च्या वर गेला तर. इथे सगळ्यात मोठा गैरसमज ब्रेकइव्हनबद्दल असतो. 1009 हा एक्स्पायरीच्या दिवसाचा ब्रेकइव्हन आहे, आजचा नाही. समजा दहा दिवसांनी शेअर 1004 वर आहे आणि 14 दिवस बाकी आहेत. एक्स्पायरीला 1004 म्हणजे 5 चा नफा. पण त्या दिवशी व्होलॅटिलिटी तीच असेल तर 1000 चा कॉल साधारण 24 ला आणि 1040 चा 9 ला असेल. स्प्रेड परत घ्यायला 15 लागतील, म्हणजे आत्ता 6 चा तोटा दिसतोय. शेअर ब्रेकइव्हनच्या खाली आहे आणि खातं लाल आहे, दोन्ही एकाच वेळी खरं. हे आधी माहीत नसेल तर माणूस नेमका इथे घाबरून कापतो.

मग कापायचं कधी? 1000 ला स्पर्श झाला म्हणून नाही, कारण त्या पट्ट्यात तो याआधीही येऊन गेलाय. 1009 गेला म्हणूनही नाही, कारण 1009 हा आकडा तुमच्या क्रेडिटमधून आलाय, चार्टला त्याची खबर नाही. मी जुन्या सर्वोच्च उच्चांकाच्या, म्हणजे इथे 1007 च्या, वर दिवसाचा बंद भाव मिळाला की बाहेर पडतो. तसा बंद भाव आला की ज्या मतावर स्प्रेड विकला ते मतच चुकलेलं असतं आणि थांबायला कारण उरत नाही. समजा त्याच दिवशी, 14 दिवस बाकी असताना, शेअर 1015 ला बंद झाला. 1000 चा कॉल 30.40 च्या आसपास, 1040 चा 12.10, स्प्रेड 18.30. तोटा 9.30. म्हणजे जितकं क्रेडिट घेतलं होतं साधारण तितकाच तोटा, 31 नाही. सौद्याचं सगळं गणित इथे बदलतं. शेवटपर्यंत बसून राहणाऱ्याला 9 विरुद्ध 31 अशी झुंज आहे, वेळेवर निघणाऱ्याला साधारण 9 विरुद्ध 9.

याची किंमतही सांगायला हवी. असे स्टॉप लावले की काही वेळा तुम्ही 1015 ला कापाल आणि शेअर पुढच्या आठवड्यात परत 980 ला येईल. म्हणजे जिंकण्याचं प्रमाण 69 टक्क्यांच्या खाली उतरेल. शिवाय रात्रीत गॅप आला तर स्टॉप कामाचा नाही, तेव्हा फक्त घेतलेला 1040 चा कॉल तुम्हाला वाचवतो. म्हणून लॉट किती घ्यायचे हे 9 च्या तोट्यावर ठरवू नका, 31 वर ठरवा. एका सौद्यात 6200 पेक्षा जास्त जाऊ द्यायचे नाहीत असं ठरवलं असेल तर लॉट दोनच.

तोटा दिसायला लागल्यावर हा स्प्रेड कापून लगेच पुढच्या एक्स्पायरीचा 1040-1080 चा विकावा, असाही सल्ला मिळेल. त्याला रोल म्हणतात. मी ते सवयीने करत नाही. 1007 च्या वर बंद झालेल्या शेअरवर पुन्हा कॉल विकायचा तर त्यासाठी 1040 ला स्वतंत्र रेझिस्टन्स दिसायला हवा. तो नसेल तर जुना तोटा फक्त नव्या तारखेला नेऊन ठेवल्यासारखं होतं.

सगळं मनासारखं चाललं तरी शेवटपर्यंत थांबू नका. समजा शेअर 965 वर आहे आणि 5 दिवस बाकी आहेत. स्प्रेड आता साधारण 2 ला मिळेल. 9 मधले 7 तुमचे झालेत. उरलेले 2 मिळवण्यासाठी अजून पाच दिवस 38 चा धोका उघडा ठेवायचा का? मी नाही ठेवत. 2 ला परत घेण्याची लिमिट ऑर्डर लावून मोकळा होतो.

लवकर निघण्याचं आणखी एक कारण आहे. शेअर एक्स्पायरीच्या आसपास 1000 आणि 1040 च्या मध्ये असेल, समजा 1015 वर, तर विकलेला कॉल अमलात येतो आणि घेतलेला 1040 चा शून्य होतो. जिथे शेअर ऑप्शनचा निपटारा प्रत्यक्ष डिलिव्हरीने होतो तिथे तुम्हाला 1000 च्या भावाने शेअर द्यावे लागतात. ते हातात नसतात, म्हणजे बाजारातून आणावे लागतात किंवा तुमच्या नावावर शॉर्ट पोझिशन उभी राहते, आणि तिला आता 1040 च्या कॉलचं संरक्षण नसतं. डिलिव्हरीच्या दिवसांत मार्जिनही वाढतं. 998 ते 1002 मध्ये घुटमळणारा शेअर तर त्याहून त्रासदायक, कारण कॉल अमलात येणार की नाही हे बंद भावापर्यंत कळतच नाही. तुमच्या बाजारात निपटारा पैशांत होतो की शेअरमध्ये, हे स्प्रेड विकायच्या आधीच बघून ठेवा. डिलिव्हरीचा असेल तर एक्स्पायरीच्या दिवसापर्यंत तो उघडा ठेवायचाच नाही, असं मी सुरुवातीलाच ठरवतो.

ऑप्शन अमेरिकन प्रकारचा असेल, म्हणजे एक्स्पायरीच्या आधी कधीही अमलात आणता येणारा, तर लाभांशाची तारीखही बघा. समजा शेअर 1030 वर आहे, तुमचा 1000 चा कॉल 31 ला आहे आणि उद्यापासून शेअर 8 चा लाभांश सोडून व्यवहारात येणार आहे. 31 मधले 30 कॉल आत्ता अमलात आणला तरी मिळतात, म्हणजे त्या कॉलमध्ये टाइम व्हॅल्यू फक्त 1 उरलीय. कॉल धरून ठेवणारा 1 सोडून 8 घ्यायला आजच कॉल अमलात आणेल, आणि शेअर द्यायची वेळ तुमच्यावर येईल. तुमच्याकडे शेअर नसतील तर शॉर्ट पोझिशनवरचा तो 8 चा लाभांश तुमच्या खिशातून जातो, आणि कागदावरचा 31 चा जास्तीत जास्त तोटा त्यामुळे ओलांडला जाऊ शकतो. विकलेल्या कॉलची टाइम व्हॅल्यू येणाऱ्या लाभांशापेक्षा कमी झाली की आदल्या दिवशी स्प्रेड बंद करायचा. युरोपियन प्रकारच्या ऑप्शनमध्ये ही भीती नाही, तिथे फक्त एक्स्पायरीच्या दिवसाची काळजी पुरते.